काळ-काम-वेग आणि शेकडेवारी: जुन्या प्रश्नसंचांवर दोन पद्धती घासून बघा, मग एक निवडा

पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्न आणि ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. व्याकरण आणि सामान्य ज्ञानातून थोडे सेकंद वाचतात, ते अंकगणिताला मिळतात. तरीही काळ-काम-वेगाचे एखादे उदाहरण अडीच मिनिटे खाऊन जाते आणि त्यामागचे दोन सोपे प्रश्न वाचायचेच राहतात.

सांगलीत विश्रामबागेच्या आसपास कुठल्याही अभ्यासिकेत जा, मुलांच्या वह्यांत एकाच उदाहरणाच्या चार-चार ट्रिक लिहिलेल्या दिसतील. एक क्लासची, एक व्हिडिओतली, एक सीनियरने सांगितलेली. प्रत्येक ट्रिक सांगणाऱ्याच्या हातात वेगवान असते. तुमच्या हातात ती चालते का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मोजायला नवे काही विकत घ्यावे लागत नाही, जुन्या प्रश्नपत्रिका पुरतात. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षा जिल्हावार होत आल्याने जुन्या पत्रिका भरपूर मिळतात आणि त्यांत त्याच नमुन्याची उदाहरणे आकडे बदलून पुन्हा पुन्हा येतात. तुलनेसाठी नेमके हेच हवे असते.

मोजायचे कसे

बहुतेक मुले एकच उदाहरण आधी सूत्राने सोडवतात, मग ट्रिकने, आणि ट्रिकला कमी वेळ लागला म्हणून खूश होतात. दुसऱ्या वेळी उदाहरण वाचलेले असते, उत्तरही माहीत असते. वेळ कमी लागणारच! म्हणून जुळी उदाहरणे शोधा: नमुना तोच, आकडे वेगळे. एका जुन्या पत्रिकेत ‘अ १२ दिवसांत, ब १५ दिवसांत’ असेल तर दुसरीत ‘१० आणि १५’ असते. ही एक जोडी झाली. एका नमुन्याच्या सहा जोड्या जमवा. तीन जोड्यांत पहिले उदाहरण सूत्राने आणि दुसरे ट्रिकने सोडवा, उरलेल्या तीन जोड्यांत उलटे करा. नाहीतर अवघड आकडे योगायोगाने एकाच पद्धतीच्या वाट्याला येतात आणि बिचारी पद्धत उगाच नापास होते.

नवी ट्रिक पहिल्या दिवशी मोजायला घेऊ नका. चार-पाच उदाहरणांवर हात बसू द्या, मग घड्याळ लावा.

मोबाईलच्या स्टॉपवॉचमध्ये लॅपचे बटण असते, त्याचा उपयोग करा. प्रश्न वाचायला सुरुवात केली की घड्याळ सुरू. कागदावर पहिला आकडा लिहिला की लॅप. उत्तर ठरले की बंद. वहीत चार रकाने आखा: उदाहरणाचा नमुना, पद्धत, मांडणीचा वेळ, एकूण वेळ. उत्तर बरोबर की चूक, याची खूण शेवटी उत्तरतालिका जुळवून एकदमच करा. प्रत्येक उदाहरणानंतर उत्तर पाहिले की पुढच्या उदाहरणातला हात बदलतो.

निकाल काढताना एकूण वेळेला प्रश्नांच्या संख्येने भागू नका, बरोबर उत्तरांच्या संख्येने भागा. समजा, एका पद्धतीने १२ उदाहरणांना ६०० सेकंद लागले आणि ११ बरोबर आली. एका बरोबर उत्तराला साडेचोपन्न सेकंद. दुसऱ्या पद्धतीने ४८० सेकंद लागले, पण ८ बरोबर आली. एका बरोबर उत्तराला ६० सेकंद. हातात भरभर चालणारी पद्धत गुणांत मागे पडली. बँकेच्या परीक्षेत तर चुकीला पाव गुण कापला जातो, तिथे हा फरक आणखी वाढतो.

मांडणीचा वेळ वेगळा का लिहायचा, ते एका उदाहरणावरून सांगतो. तासगावहून येणारी एक मुलगी म्हणाली, “सर, सूत्रं सगळी पाठ हायत, तरी वेळ पुरत न्हाई.” तिच्या वहीत लॅप पाहिले तर निम्म्याहून जास्त वेळ पहिला आकडा लिहिण्याआधीच जात होता. गुणाकार-भागाकार तिचे पक्के होते. अडत होते ते ‘यातले कोणते सूत्र?’ या प्रश्नावर. अशा मुलीला दहावे सूत्र शिकवले तर ती आणखी हळू होते. तिला सगळीकडे चालणारी एकच सुरुवात हवी होती. ती सुरुवात खाली तिन्ही प्रकरणांत दिसेल.

काम: सूत्र की लसावि

अ एक काम १२ दिवसांत करतो, ब १५ दिवसांत. दोघे मिळून किती दिवसांत?

सूत्राने: गुणाकार भागिले बेरीज. १८० ÷ २७ = ६ पूर्णांक २/३ दिवस. लसाविने: १२ आणि १५ चा लसावि ६०, म्हणून काम ६० भागांचे धरायचे. अ रोज ५ भाग करतो, ब रोज ४. दोघे मिळून ९. ६० ÷ ९, उत्तर तेच. इथे दोन्ही पद्धती जवळपास बरोबरीत सुटतात, सूत्र कदाचित चार-पाच सेकंद पुढे असेल. अशाच उदाहरणांवर तुलना केली तर सूत्र जिंकते आणि तुम्ही ते कायमचे धरून ठेवता. म्हणून जोड्या निवडताना त्याच धड्यातली वाकडी उदाहरणेही घ्या. हे बघा.

अ, ब, क हे एक काम अनुक्रमे १२, १५ आणि २० दिवसांत करतात. तिघे एकत्र सुरू करतात. २ दिवसांनी अ काम सोडतो. काम संपण्याच्या २ दिवस आधी क सोडतो. काम एकूण किती दिवसांत संपले?

गुणाकार भागिले बेरीज हे सूत्र इथे लागतच नाही, कारण ते फक्त दोघांसाठी आहे आणि दोघांनीही शेवटपर्यंत काम केले असेल तरच खरे आहे. एकूण दिवस ‘द’ धरून अपूर्णांकाने मांडले तर २/१२ + द/१५ + (द − २)/२० = १ असे समीकरण येते. ते सुटते, पण सोडवताना छेद सारखे करायला शेवटी ६० नेच गुणावे लागते. म्हणजे लसाविची पद्धत वेगळी जादू नाही. अपूर्णांकवाले जे काम शेवटी करतात, ते ती आधी उरकून घेते आणि पुढचे सगळे पूर्णांकांत चालते.

लसावि ६०. अ रोज ५, ब रोज ४, क रोज ३. अ ने २ दिवसांत १० भाग केले. क शेवटचे २ दिवस नव्हता. तो राहिला असता तर आणखी ६ भाग झाले असते, म्हणून काम ६६ भागांचे धरा. त्यातले अ चे १० वजा केले, उरले ५६. ब आणि क मिळून रोज ७ करतात. ५६ ÷ ७ = ८ दिवस. पडताळा: अ चे १०, ब चे ८ दिवसांचे ३२, क चे ६ दिवसांचे १८, बेरीज ६०.

‘शेवटी सोडणाऱ्याला राहिलाच असता असे धरायचे आणि तेवढे काम वाढवायचे’ ही युक्ती माझ्या मते या सगळ्या धड्यात सर्वांत जास्त वेळ वाचवते. चूक होते ती एकाच जागी: काम वाढवण्याऐवजी वजा केले जाते. तसे केले तर इथे ४४ ÷ ७ येते, पूर्ण भाग जात नाही. पर्यायांत सगळे पूर्ण दिवस असतील आणि तुमचा भाग जात नसेल, तर मांडणी तपासा.

लसाविलाही मर्यादा आहे. १७ आणि २३ दिवस असे आकडे आले तर लसावि ३९१ होतो, तिथे सूत्र आणि लसावि सारखेच जड पडतात. अशा वेळी पर्याय बघा. दोघे मिळून लागणारा वेळ कमी दिवसांच्या निम्म्यापेक्षा जास्त आणि जास्त दिवसांच्या निम्म्यापेक्षा कमी असतो. इथे तो साडेआठ आणि साडेअकराच्या मध्ये येणार. बरेचदा एकच पर्याय या पट्ट्यात बसतो.

आता याच धड्यातला एक छोटा प्रश्न. अ हा ब पेक्षा २५ टक्के अधिक कार्यक्षम आहे. ब ला काम करायला २० दिवस लागतात, तर अ ला किती? पुष्कळ जण २० मधून २५ टक्के वजा करून १५ लिहितात, आणि १५ हा पर्याय दिलेलाही असतो. कार्यक्षमता ५ : ४ आहे, काम तेच आहे, म्हणून दिवस ४ : ५. ब चे ५ वाटे म्हणजे २० दिवस, अ चे ४ वाटे म्हणजे १६.

इथे जे घडले ते नीट बघा. रोजचे काम आणि दिवस यांचा गुणाकार ठरलेला आहे. एक पाव वाढला तर दुसरा पंचमांश घटतो. १/४ वाढ, १/५ घट. १/५ वाढ, १/६ घट. उलट बाजूने १/५ घट असेल तर १/४ वाढ. वेगात आणि शेकडेवारीत हीच सुरुवात पुन्हा येते.

वेग: समीकरण की उलटे गुणोत्तर

सांगली ते कोल्हापूर अंतर साधारण ५० किलोमीटर. उदाहरण असे: एक जण ताशी ४० किमी वेगाने गेला तर ९ मिनिटे उशिरा पोचतो, ताशी ५० किमी वेगाने गेला तर ६ मिनिटे लवकर पोचतो. अंतर किती?

समीकरणाने अंतर ‘क्ष’ धरून क्ष/४० − क्ष/५० = १५/६० मांडावे लागते. पाठांतरवाले सूत्र म्हणजे वेगांचा गुणाकार भागिले वेगांतला फरक, गुणिले वेळेतला फरक: (४० × ५०) ÷ १० × १/४ = ५०. उलट्या गुणोत्तराने वेग ४ : ५, अंतर तेच, म्हणून वेळ ५ : ४. एका वाट्याचा फरक म्हणजे १५ मिनिटे. ताशी ४० च्या वेगाला ५ वाटे लागतात, म्हणजे ७५ मिनिटे, सव्वा तास. ४० × सव्वा = ५० किमी.

सूत्र आणि गुणोत्तर यांच्या वेळेत तुम्हाला फार फरक दिसणार नाही. फरक पडतो प्रश्न किंचित बदलल्यावर. ‘योग्य वेळेत पोचायला किती मिनिटे हवीत?’ असे विचारले तर सूत्रवाल्याला अंतर काढून मागे यावे लागते. गुणोत्तरवाल्याकडे ७५ आधीच आहे, त्यातून ९ वजा केले की ६६ मिनिटे. तसेच ‘नेहमीच्या वेगाच्या ४/५ वेगाने गेल्यास १० मिनिटे उशीर होतो, नेहमीचा वेळ किती?’ यात वेगाचा आकडाच दिलेला नाही, म्हणून ते सूत्र बंद पडते. गुणोत्तराने वेग १/५ घटला, वेळ १/४ वाढला, पाव वेळ म्हणजे १० मिनिटे, नेहमीचा वेळ ४० मिनिटे. हात बसला की हे वाचता वाचता सुटते.

इथली ठरलेली चूक म्हणजे वेळेतला फरक. एकदा उशीर आणि एकदा लवकर असेल तर मिनिटांची बेरीज करायची, दोन्ही वेळा उशीरच असेल तर वजाबाकी. वहीत चुकलेली उदाहरणे याच जागेची निघाली तर पद्धत बदलू नका. ‘उशीर’ आणि ‘लवकर’ या शब्दांखाली रेघ मारायची सवय लावा.

सरासरी वेगाचे सूत्र मात्र जपून वापरा. जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०, तर दुप्पट गुणाकार भागिले बेरीज, ४८. हे फक्त दोन्ही अंतरे सारखी असतानाच खरे आहे. ‘पहिले दोन तास ४० ने, पुढचे दोन तास ६० ने’ असे आले तर उत्तर ५० आहे, आणि ४८ हा सापळा पर्यायांत टाकलेला असतो. अंतर १२० धरून ३ तास आणि २ तास असे मांडायला काही सेकंद जास्त लागतात, पण मग सूत्राची अट लक्षात ठेवावी लागत नाही. मी तेच शिकवतो.

आगगाडीच्या उदाहरणांत तुलनेला फारसे काही नाही. ताशी १८ किमी म्हणजे सेकंदाला ५ मीटर, एवढे धरून ३६ चे १०, ५४ चे १५, ७२ चे २०, ९० चे २५ हे तोंडी असले की पुरते.

शेकडेवारी: सूत्र की अपूर्णांक

तूरडाळ २५ टक्क्यांनी महागली. खर्च तेवढाच ठेवायचा तर वापर किती टक्क्यांनी कमी करावा? पाठ सूत्राने १०० × २५ ÷ १२५ = २०. अपूर्णांकाने दर पाव वाढला, वापर पंचमांश घटला, २० टक्के. वरच्या कार्यक्षमतेच्या उदाहरणाशी ताडून पाहा, फक्त दिवसांच्या जागी डाळ आली. ३० टक्के वाढ असेल तर ३/१० वाढ, ३/१३ घट. १७ टक्क्यांसारखा आकडा आला की अपूर्णांक १७/११७ असाच राहतो, तिथे लेखी भागाकाराला पर्याय नाही. परीक्षेत असे आकडे क्वचित येतात.

ही पद्धत चालायला अपूर्णांक पाठ हवेत: १/६ म्हणजे १६ पूर्णांक २/३ टक्के, १/७ म्हणजे १४ पूर्णांक २/७, १/८ म्हणजे साडेबारा, १/९ म्हणजे ११ पूर्णांक १/९, १/१२ म्हणजे ८ पूर्णांक १/३. ते पाठ नसतील तर सूत्र वेगवान ठरते, आणि तुमची वही तसे सांगेल. वहीचे ऐका, पण महिन्याभराने पुन्हा मोजा.

एकामागून एक बदल होतात तिथे मात्र मी सूत्राच्या बाजूने आहे, निदान दोन बदल असतील तोवर. दर २० टक्के वाढला, वापर १० टक्के घटला, तर खर्चात २० − १० − २ = ८ टक्के वाढ, त्यातले २ म्हणजे २० चे १० टक्के. हे तोंडी होते. तीन सलग सूट, २०, १० आणि ५ टक्के, आली की हेच सूत्र दोनदा लावावे लागते आणि वजा-अधिकच्या खुणांत मुले घसरतात. तिथे ४/५ × ९/१० × १९/२० = ६८४/१०००, म्हणजे एकूण सूट ३१.६ टक्के. खुणांचा प्रश्नच येत नाही.

आता आपल्या भागातले एक उदाहरण. ताज्या द्राक्षांत ८० टक्के पाणी आहे, बेदाण्यात १५ टक्के. ३४० किलो द्राक्षांपासून किती किलो बेदाणा होईल?

घाईत ८० मधून १५ वजा करून ६५ टक्के वजन गेले असे धरतात आणि ११९ किलो लिहितात. पाणी उडते, गर उरतो, म्हणून गराकडे बघायचे. द्राक्षांत गर २० टक्के, बेदाण्यात ८५ टक्के. टक्केवारीचे गुणोत्तर ४ : १७, गर तेवढाच, म्हणून वजनाचे गुणोत्तर १७ : ४. ३४० चे १७ वाटे केले, एक वाटा २०, चार वाटे ८०. उत्तर ८० किलो. पडताळा: ३४० चे २० टक्के ६८, आणि ८० चे ८५ टक्केही ६८.

जुन्या संचांत हे उदाहरण ८० टक्के पाणी आणि २० टक्के पाणी असेही सापडते. त्यावर पद्धत तपासू नका. तिथे गराचे गुणोत्तर १ : ४ आणि पाण्याचे ४ : १, त्यामुळे गराऐवजी पाण्याचे गुणोत्तर न उलटवता सरळ घेणाऱ्याचेही उत्तर बरोबर येते. चुकीची रीतही बरोबर ठरवणारे उदाहरण तुलनेतून काढून टाका.

वहीवरून निर्णय

एका नमुन्याच्या सहा जोड्या झाल्या की तीन गोष्टी बघा. एका बरोबर उत्तराला कुठे कमी सेकंद लागले, मांडणीत कुठे कमी गेले, आणि चुका एकाच जागी आहेत की विखुरलेल्या. चुका एकाच जागी असतील तर ती जागा दुरुस्त होते, पद्धत ठेवा. विखुरलेल्या असतील तर पद्धत तुमच्या हाताला बसलेली नाही. दोन्ही पद्धतींत फरक नगण्य असेल तर जास्त नमुन्यांवर चालणारी ठेवा आणि दुसरी वहीतून खोडा. खोडणे गरजेचे आहे, कारण डोक्यात दोन पद्धती राहिल्या की निवडण्यात सेकंद जातात.

तासगावच्या त्या मुलीने कामासाठी लसावि, वेग आणि दरवाढीसाठी उलटे गुणोत्तर, आणि दोन सलग बदलांसाठी सूत्र एवढेच ठेवले. प्रश्न वाचताना ती आता ‘कोणते सूत्र?’ असे विचारत नाही. ‘यात काय तेवढेच राहते आहे?’ हे विचारते. काम, अंतर, खर्च, गर यांपैकी काही तेवढेच असले की गुणोत्तर उलटवायचे. काहीच स्थिर नसेल, म्हणजे दर आणि वापर दोन्ही बदलले आणि खर्चातला फरक विचारला असेल, तर उलटवायचे नाही, गुणाकार करायचा.

यानंतर एक पूर्ण जुनी पत्रिका मोकळ्या क्रमाने सोडवा. धड्यानुसार लावलेल्या संचात कोणता नमुना येणार हे आधीच माहीत असते, त्यामुळे तिथला मांडणीचा वेळ फसवा असतो. पूर्ण पत्रिकेत तो एकदम वाढला तर पद्धत बदलू नका, ओळखण्याचा सराव करा: वीस मिश्र उदाहरणे घ्या, प्रत्येकासमोर काय स्थिर आहे आणि गुणोत्तर काय एवढेच लिहा, उत्तर काढू नका, आणि हे रोज एकदा घड्याळ लावून करा.